पावसाळी पंप: सीटेनच्या बाटलीआधी टाकीतलं पाणी काढा

गोराई, मनोरी, मढ आणि आरेच्या पाड्यांवरच्या भात-भाजीवाल्यांसाठी, जून-जुलै

मुंबईत पाऊस पोचायची सरासरी तारीख ११ जून. त्याआधी वळवाच्या एकदोन सरी पडतात आणि लगेच ओरड सुरू होते की पंप चालू होत नाही. दुकानदार तयारच असतो: "डिझेलचा सीटेन कमी आहे, ही बाटली टाका." बाटली टाकली जाते, पंप तसाच राहतो, आणि भरतीच्या वेळी उघाडी बंद असताना राब पाण्याखाली जातो. अशा इंजिनांच्या टाकीखालचा नट सोडला की बहुतेक वेळा आधी पाणी येतं आणि मग डिझेल.

नेहमीची कामं नुसती लिहून ठेवतो:
- उघाड्या आणि पाट साफ करणं, बांध नीट करणं
- राब उंच, निचऱ्याच्या जागी
- भाताचं बी ३ टक्के मिठाच्या पाण्यात बुडवून पोचट दाणे काढणं, साध्या पाण्याने धुऊन सुकवणं, मग थायरम किलोला ३ ग्रॅम
- भाजीची रोपं गादीवाफ्यावर
- इंजिनाचं ऑइल, बेल्ट, फूटव्हॉल्व्ह

आता सीटेनचं. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. हवा दाबून तापवली जाते, तिच्यात नोझल डिझेल फवारतं आणि ते आपोआप पेट घेतं. फवारल्यापासून पेट घेईपर्यंतचा वेळ जितका कमी, तितका सीटेन नंबर जास्त. डिझेलमध्ये ताकद किती, हे तो नंबर सांगत नाही. हे नीट समजलं तर निम्म्या बाटल्या दुकानातच राहतील.

२०२० च्या एप्रिलपासून देशभर बीएस-६ डिझेल आहे आणि त्याचा सीटेन किमान ५१ असावा लागतो. अमेरिकेत हीच किमान मर्यादा ४० आहे आणि तिथेही ट्रॅक्टर चालतात. आपलं पाच एचपीचं एका सिलिंडरचं इंजिन १५०० फेऱ्यांवर चालतं, म्हणजे एका फेरीला ४० मिलिसेकंद. डिझेल पेटायला साधारण एखादा मिलिसेकंद लागतो. ५१ चा ५५ केलात तर त्यातला थोडासा तुकडा वाचेल, पण या संथ इंजिनाला घाई कुठे आहे?

सीटेन खरोखर जाणवतो तो कडक थंडीत. इंजिन गार, दाबलेली हवा पुरेशी तापत नाही, म्हणून पांढरा धूर, खडखड आणि उशिरा स्टार्ट. मुंबईच्या जूनमध्ये अंगाला घाम फुटतो, तिथे थंडीची बाटली कशाला?

बहुतेक बूस्टरमध्ये २-इथाइल हेक्साइल नायट्रेट असतं. हे खोटं औषध नाही. हजार लिटरला अर्धा ते एक लिटर या मात्रेत नंबर साधारण तीन ते पाचने चढतो. डिझेलचा मूळ सीटेन चांगला असेल तर जास्त चढतो, कमी असेल तर कमी. मात्रा दुप्पट केली म्हणून फायदा दुप्पट होत नाही. पेट्रोल पंपावरचं डिझेल आधीच ५१ च्या वर असताना तुम्ही त्या वाढीचे पैसे देता आणि हाती काही लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे काही बाटल्यांवर "पाणी विरघळवते" असं लिहिलेलं असतं. पाणी तळाशी राहिलं तर नट सोडून काढता येतं. विरघळवलं तर तेच पाणी फिल्टरमधून पुढे प्लंजर आणि नोझलपर्यंत जातं. अशी बाटली वाडीत आणूच नका.

प्रीमियम डिझेलचा हिशेब करा. समजा साधं ९० रुपये लिटर आणि प्रीमियम ९७. खर्च बरोबरीत यायला डिझेल सात टक्क्यांहून जास्त वाचलं पाहिजे. पूर्ण लोडवर आपलं इंजिन तासाला लिटरभर खातं, म्हणजे ५० तासांत साडेतीन लिटरच्या वर बचत दिसायला हवी. एवढी बचत सीटेनने होत नाही. प्रीमियममध्ये नोझल साफ ठेवणारं रसायनही असतं. बाजारात माल नेणाऱ्या कॉमन रेल टेम्पोला त्याचा थोडा उपयोग होत असेल, तिथे मी हट्ट धरणार नाही. पण गळणारं नोझल त्याने दुरुस्त होत नाही, ते काढून टेस्टिंगलाच न्यावं लागतं.

मनोरीकडच्या एका वाडीतली गोष्ट. रात्रभर पाऊस, सकाळी राबात पोटरीभर पाणी. इंजिन हँडलला दोनदा पेटलं, फेऱ्या वरखाली झाल्या आणि बंद पडलं. दुकानातून बूस्टर आला, मग नवं नोझल आलं. दुसऱ्या दिवशी फिल्टरच्या वाटीखालचा स्क्रू सोडला तेव्हा कपभर गढूळ पाणी आलं आणि त्यात काळे लिबलिबीत धागे. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर वाढणारी ती बुरशी होती. ड्रम उघड्यावर उभा ठेवलेला, वरच्या कडेत पावसाचं तळं साचलेलं. दिवसा ड्रम तापतो, रात्री गार झाला की आत हवा ओढतो आणि बूच सैल असेल तर हवेबरोबर ते पाणीही. त्या वर्षी लावणीला रोपं विकत आणावी लागली.

दोष ओळखायचा असा. पेटून बंद पडतं, फेऱ्या वरखाली होतात, गरम झाल्यावरही तेच, तर आधी पाणी, नाहीतर लाइनमध्ये एअर. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर सोडल्यावर हँडल न अडता फिरत राहिलं तर रिंग किंवा व्हॉल्व्ह गेला. गार असताना धूर आणि खडखड, तापल्यावर सुरळीत, एवढ्याच लक्षणावर सीटेनचा संशय घ्या. मुंबईत तेव्हाही आधी नोझल तपासा.

पाणी काढायचं सकाळी, इंजिन आणि टाकी न हलवता. टाकीखालचा नट सोडून पेलाभर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो, बाटली तिरकी केली की त्याची रेघ सरकते. स्वच्छ येईपर्यंत काढा, मग फिल्टरची वाटी तशीच रिकामी करा. त्यानंतर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढा, मग डिझेल पंपाचा. नोझलच्या पाइपचा नट सैल करून हँडल फिरवताना बोट समोर धरू नका, त्या धारेने कातडी फाटते.

इंजिनाच्या पुस्तकात यासाठी तासांचा ठराविक अंतराल दिलेला असतो. माझा अंदाज वेगळा आहे: पावसाळ्यात रोज, आणि दिवसा कडक ऊन पडून रात्री सर आली असेल तर न चुकता. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी गळ्यापर्यंत भरा. रिकामी जागा राहिली नाही की आत दमट हवाही राहत नाही. कॅनमधलं शेवटचं दोन बोटं डिझेल ओतू नका. फनेलची जाळी कचरा अडवते, पाणी अडवत नाही. ड्रम आडवा ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, डिझेलच्या पातळीखाली, म्हणजे हवा आत जात नाही. उभाच ठेवणं भाग असेल तर शेडखाली आणि एका बाजूने तिरका.

डिझेलचाच संशय असेल तर पेट्रोल पंपावर घनता मोजून मागा. दिवसाची घनता तिथे लिहिलेली असते आणि १५ अंशांवर आणलेला आकडा त्यापासून घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त हलायला नको. टाकीतलं पाणी तपासायची पेस्टही त्यांच्याकडे असते.

पाणी प्लंजरपर्यंत गेलं असेल तर हँडल मारत बसू नका. गंज एका रात्रीत धरतो. डिझेल पंप आणि नोझल काढून स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून ठेवा, तसेच टेस्टिंगवाल्याकडे न्या, आणि तोवर शेजाऱ्याचा पंप आणून राबातलं पाणी काढा.