बाळाच्या लसीकरण कार्डावरच्या तारखा कशा वाचाव्यात, आणि घरातल्या मोठ्यांचा बूस्टर कसा ठरवावा

शिरोळ, करवीर, हातकणंगले, कुठल्याही गावातल्या अंगणवाडीत लसीकरण सत्राला गेलात की दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. "गोवराची लस आत्ताच देऊन टाका की, नऊ महिने कशाला थांबायचं?" आणि "एक डोस चुकला, आता पहिल्यापासून सुरू करायचं का?" दोन्हींची उत्तरं कार्डावरच्या तारखांमागच्या कारणांत आहेत. इथे सगळ्या लसी न घेता दोनच घेऊ, गोवर आणि धनुर्वात. दोन्हींचं वेळापत्रक अगदी वेगळ्या कारणांनी ठरतं. ती कारणं कळली की मोठ्यांच्या बूस्टरचा हिशेबही सोपा जातो.

आधी कार्ड काढा आणि जन्मतारखेपासून मोजा

माता व बाल संरक्षण कार्डावर पेंटाव्हॅलंटचे तीन डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना लिहिलेले असतात. या एका इंजेक्शनात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब नावाच्या जंतूचा संसर्ग अशा पाच लसी असतात. सुरुवात सहा आठवड्यांना करण्याचं मोठं कारण म्हणजे डांग्या खोकला. तो पहिल्या काही महिन्यांतच बाळाच्या जिवावर उठतो, म्हणून फार वाट पाहता येत नाही. त्याहून आधी दिली तर इतक्या कोवळ्या शरीराकडून पुरेसा प्रतिसाद मिळत नाही.

तीन डोस का लागतात? धनुर्वाताच्या लसीत जिवंत जंतू नसतो, निष्प्रभ केलेलं विष असतं. ते शरीरात वाढत नाही. पहिल्या डोसनं शरीराला त्याची जेमतेम ओळख होते, दुसऱ्या-तिसऱ्यानं प्रतिपिंडं भरपूर तयार होतात. दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात, कारण पहिल्या डोसला प्रतिसाद देणाऱ्या पेशींना तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. घाईनं आधी दिलेला डोस कमी पडतो. उशिरा दिलेला डोस मात्र वाया जात नाही. नुकसान एवढंच, की मधल्या काळात बाळ पुरेशा संरक्षणाशिवाय राहतं.

गोवराला नऊ महिने का थांबायचं

गोवर-रुबेला म्हणजे एमआरची लस जिवंत, पण कमजोर केलेल्या विषाणूंची असते. तिनं काम करायचं तर तो विषाणू बाळाच्या शरीरात थोडा वाढावा लागतो. इथेच आईची देणगी आड येते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरतात आणि जन्मानंतर काही महिने त्याला सांभाळतात. लस लवकर टोचली तर हीच प्रतिपिंडं लसीतला विषाणू मारून टाकतात. टोचल्याची खूण दिसते, पण संरक्षण मिळत नाही.

ही प्रतिपिंडं महिन्यामहिन्यानं ओसरत जातात. नऊ महिन्यांना लस दिली तर साधारण ८५ टक्के बाळांना संरक्षण मिळतं, वर्षानंतर दिली तर साधारण ९५ टक्के. मग सरळ वर्षभर का थांबू नये? कारण आपल्याकडे गोवर वर्षाच्या आतल्या बाळांनाही होतो आणि त्यांनाच तो जास्त भोवतो. नऊ महिने ही त्या दोन धोक्यांमधली तडजोड आहे. १६ ते २४ महिन्यांचा दुसरा डोस मुख्यतः पहिल्या वेळी लस न लागलेल्या बाळांसाठी असतो. तुमचं बाळ त्यांत आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच देतात. कार्डावर तो बूस्टरच्या रांगेत दिसला तरी त्याचं काम दुसरी संधी देण्याचं आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पेंटाव्हॅलंटनंतरचा ताप एक-दोन दिवसांत येऊन जातो. एमआरनंतरचा ताप किंवा बारीक पुरळ साधारण सात ते बारा दिवसांनी येतं, कारण लसीतल्या विषाणूला वाढायला वेळ लागतो.

डोस चुकला तर: तारखा घालून बघू

समजा बाळ १० मार्चला जन्मलं. सहा आठवडे २१ एप्रिलला पुरे झाले आणि त्याच दिवशी पेंटाचा पहिला डोस मिळाला. दुसरा १९ मेला होता, पण आई बाळाला घेऊन माहेरी गेली आणि ती एकदम ऑगस्टमध्ये परतली. कार्डात दुसऱ्या डोसची चौकट रिकामीच. अशा वेळी पहिला डोस जमेस धरायचा. ४ ऑगस्टला दुसरा दिला तर तिसरा १ सप्टेंबरच्या आधी नको, कारण मध्ये २८ दिवस हवेत. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही.

एमआर १० डिसेंबरला, म्हणजे नऊ महिने पूर्ण झाल्यावर. पेंटाला उशीर झाला म्हणून ही तारीख पुढे जात नाही, कारण ती बाळाच्या वयावर ठरते. पुढचा डीपीटी, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताचा बूस्टर १६ महिन्यांनंतर, म्हणजे दुसऱ्या वर्षी १० जुलैपासून. तिसऱ्या पेंटानंतर सहा महिने तोवर उलटून गेलेले असतात, म्हणून तोही वेळेवरच बसतो. रोटा, न्यूमोकोकल, पोलिओ यांच्या वयाच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत. त्या चौकटी सिस्टरांना किंवा आशाताईंना दाखवून त्याच दिवशी काय काय देता येईल ते विचारा. दुसऱ्या जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांनीही कार्ड सोबत आणलं तर पुढचा डोस इथल्या सत्रात मिळतो.

आता मोठ्यांकडे वळा

धनुर्वाताची प्रतिपिंडं वर्षांगणिक कमी होत जातात, म्हणूनच ५-६ वर्षांना डीपीटी आणि १० व १६ वर्षांना टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस देतात. सात वर्षांनंतर डीपीटी देत नाहीत. टीडीमध्ये डांग्या खोकल्याचा भाग नसतो आणि घटसर्पाचा भाग कमी ठेवलेला असतो, कारण मोठ्या वयात त्याच मात्रेनं हात जास्त सुजतो. १६ नंतर बहुतेक डॉक्टर दर दहा वर्षांनी टीडी सुचवतात. गोवराचं तसं नाही. लागलेली जिवंत लस सहसा आयुष्यभर पुरते, म्हणून त्याला दहा वर्षांचा हिशेब नाही.

आणखी एक फरक आहे. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही, त्याचे बीजाणू मातीत आणि शेणखतात असतात. गावातल्या सगळ्यांनी लस घेतली तरी तुमचं संरक्षण तुमच्या स्वतःच्या डोसवरच अवलंबून राहतं.

उसाच्या फडात कोयता पायाला लागला आणि जखमेत माती गेली, असं समजा. आधी जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा, मग दवाखान्यात गेल्यावर दोन गोष्टी सांगा: आयुष्यात किमान तीन डोस झालेत का, आणि शेवटचा कधी झाला. तीन झालेले असतील आणि शेवटच्याला पाच वर्षांहून जास्त झाली असतील, तर अशा मळक्या जखमेला एक डोस हवा. स्वच्छ, छोट्या जखमेसाठी हीच मर्यादा दहा वर्षांची आहे. दर खरचटण्याला "टीटी मारा" म्हणणं चुकीचं आहे, जवळजवळ घेतलेल्या डोसांनी अख्खा दंड सुजून दुखू शकतो.

घरातल्या आजी-आजोबांची गोष्ट वेगळी. देशात लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला, त्यामुळे साठीच्या माणसांना लहानपणी तीन डोस मिळालेले असणं अवघडच. आजीला बाळंतपणांत टीटी मिळालं असेल तर ते डोस धरा. आजोबांच्या बाबतीत काहीच खात्री नसेल आणि जखम मळकी असेल, तर टीडीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं, त्याला टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. टीडीचा परिणाम व्हायला काही दिवस जातात आणि त्या दिवसांपुरतं हे इंजेक्शन सांभाळतं. मात्र तेवढ्यावर थांबू नका: टीडीचा दुसरा डोस चार आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर सहा महिन्यांनी घ्यायचा. दवाखान्यातून निघताना या दोन्ही तारखा केसपेपरवर लिहून घ्या आणि तो कागद बाळाच्या कार्डाबरोबरच ठेवा.