राजीनामा देण्याआधी कामाची फेरमांडणी करताय? या चुका टाळा

बेलापूरच्या एका फ्रेट फॉरवर्डिंग कंपनीत मी निर्यातीचे कागद बघते. कस्टम्ससाठीच्या शिपिंग बिलाची चेकलिस्ट तपासायची, जहाज कंपनी मालासाठी देते त्या पावतीचा, म्हणजे बीएलचा ड्राफ्ट दुरुस्त करायचा, कंटेनर न्हावा शेवा बंदरात वेळेत पोचतोय ना यावर लक्ष ठेवायचं. दोन वर्षांपूर्वी या कामाचा इतका वीट आला होता, की राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला होता. आवडायचं ते एकच: नव्या निर्यातदाराला फोनवर सगळं नीट समजावून सांगणं.

आहे त्याच नोकरीत राहून कामं, संबंध आणि कामाकडे बघण्याची नजर आपल्या कलाने बदलणं, याला जॉब क्राफ्टिंग म्हणतात. एमी रेझनेस्की आणि जेन डटन यांनी ही कल्पना २००१ साली मांडली.

माझी पहिली चूक म्हणजे मी नुसती बेरीज केली. सगळे नवे ग्राहक माझ्याकडे द्या, असं साहेबांना सांगितलं आणि जुनं काम तसंच ठेवलं. आठवड्याचे सहा तास वाढले. घरी जायला रोज साडेआठची लोकल. महिनाभरात एका बीएलची दुरुस्ती मुदतीनंतर गेली, ग्राहकाला दंड बसला आणि नवे ग्राहक माझ्याकडून काढून घेतले गेले. साहेबांचं चुकलं नव्हतं.

मग दोन आठवडे वहीत तास लिहिले, जे आधीच करायला हवं होतं. अंदाजाने वाटतं ते आणि वहीत दिसतं ते वेगळंच निघतं. माझा सर्वांत जास्त वेळ ड्राफ्टमध्ये नव्हे, तर त्याच त्या चुकांचे कागद ग्राहकांना परत पाठवण्यात जात होता: इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्टमधलं वजन जुळत नाही, पत्ता अर्धवट. शिवाय पाच तास ‘माल कुठे पोचला’ या मेलांमध्ये. ते मेल एका सहकाऱ्याला आवडायचे, फोन नकोसे वाटायचे. आम्ही अदलाबदल केली.

दुसऱ्यांदा साहेबांकडे गेले तेव्हा ‘मला हे आवडतं’ असं म्हटलं नाही. म्हटलं, “सर, एक महिना बघू या. नव्या ग्राहकाच्या पहिल्या मालाआधी मी वीस मिनिटं फोन करते. परत पाठवावे लागणारे कागद मोजू.” आधी दहापैकी सात जणांचे कागद परत पाठवावे लागायचे, महिन्याअखेरीस तीन जणांचे लागले.

इथे आणखी एक चूक होता होता राहिली. हे सगळं तोंडीच चाललं होतं. वार्षिक मूल्यमापनात जुनेच केआरए, म्हणजे ज्यावरून काम जोखतात ती उद्दिष्टं, असते, तर फोनवर गेलेला वेळ कुठेच मोजला गेला नसता. म्हणून बदल मेलवर लिहून घेतला आणि केआरएमध्ये एक ओळ घालून घेतली.

प्रत्येक जागी हे जमत नाही. जिथे दर तासाला किती कॉल, किती एंट्र्या हे मोजलं जातं आणि अदलाबदलीला माणूसच नसतो, तिथे हलवायला काही उरत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा दोन आठवडे वही लिहा. नावडत्या कामाचे तास तेवढेच असतील, तर बायोडेटा काढायला हरकत नाही. नव्या ठिकाणी काय विचारायचं, ते त्याच वहीत सापडेल.