सनस्क्रीनवर फाउंडेशन लावताना वळ्या निघतात? थर असे लावा

सनस्क्रीन लावलं, त्यावर फाउंडेशन फिरवायला घेतलं आणि बोटांखाली बारीक वळ्या निघू लागल्या की बहुतेक जणींना वाटतं, चेहरा नीट धुतला गेला नाही, मळच निघतोय. कधीकधी कोरडी, सुटलेली त्वचाही त्यात असते. पण एखादी वळी चिमटीत धरून चोळून पाहा. खोडरबराच्या भुग्यासारखी लागली, तर तो सनस्क्रीनचा थर सोलून निघालेला आहे. म्हणजे तेवढ्या जागेवरचं उन्हापासूनचं संरक्षणही गेलं.

सनस्क्रीनचं काम त्वचेवर सलग पापुद्रा धरण्याचं असतं. त्यासाठी त्यात पापुद्रा धरणारे घटक आणि बरेचदा सिलिकोन घालतात. खालच्या सीरममध्ये आणि जेलमध्ये दाटपणासाठी कार्बोमर किंवा झँथन गम असतो, तोही वाळल्यावर पातळ पापुद्रा सोडतो. खालचा थर अर्धवट ओला असेल किंवा जाड बसला असेल, तर वरच्याला घट्ट धरायला जागा मिळत नाही. मग बोट घासलं की दोन्ही थर एकत्र गुंडाळले जातात.

सिलिकोन सगळी सारखी नसतात. सायक्लोपेंटासिलॉक्सेन लावल्यावर हळूहळू उडून जातं. डायमेथिकोन त्वचेवर राहतं. ज्यांच्या नावात 'क्रॉसपॉलिमर' येतं, ती सिलिकोनची मऊ जाळी असते. पारदर्शक, मखमली, प्रायमरसारखं लागणारं जेल सनस्क्रीन बहुधा याच जाळीवर उभं असतं आणि जास्त घासलं तर त्याच्या वळ्या चटकन निघतात.

आता नेहमी दिसणारी एक जोडी घ्या: हायलुरोनिक सीरम, जेल मॉइश्चरायझर, असं मखमली सनस्क्रीन आणि वर पाण्याचं फाउंडेशन. सनस्क्रीनपर्यंत सगळं ठीक वाटतं. फाउंडेशन मात्र त्या निसरड्या थरावर पसरत नाही, ठिपके धरतं. ते पसरवायला आपण आणखी घासतो आणि तिथेच वळ्या सुरू होतात.

हे सोडवायला आधी डब्यांवरची यादी वाचा. पहिल्या पाच-सहा घटकांत 'कोन' किंवा 'सिलॉक्सेन'ने संपणारं नाव असेल, तर त्या वस्तूत सिलिकोन भरपूर आहे असं धरा. सनस्क्रीन सिलिकोनचं असेल, तर फाउंडेशनही सिलिकोनचं घ्या. सनस्क्रीन पाण्याचं, हलकं असेल, तर पाण्याचं फाउंडेशन सहज बसतं. सिलिकोनचंही चालतं, फक्त खालचा थर पूर्ण वाळलेला हवा. सर्वांत जास्त त्रास सिलिकोनवर पाणी आलं की होतो. अर्थात यादीवरून अंदाजच येतो, कारण कुठला घटक किती आहे हे तिथे लिहिलेलं नसतं. खात्री हातावरच होते.

धुतलेल्या, कोरड्या हाताच्या आतल्या बाजूला तीन पट्टे करा. पहिल्यावर फक्त सनस्क्रीन, दुसऱ्यावर सीरम-मॉइश्चरायझर आणि मग सनस्क्रीन, तिसऱ्यावर फक्त सनस्क्रीन आणि वर फाउंडेशन. दहा मिनिटांनी तिन्ही हलके चोळा. पहिलाच सुटला तर ते सनस्क्रीनच घासणं सहन करत नाही. दुसरा सुटला तर दोष खालच्या थरांचा, तेव्हा सीरम रात्रीसाठी ठेवा. फक्त तिसरा सुटला तर फाउंडेशन बदला.

चेहऱ्यावर लावताना सीरम अगदी थोडं घ्या आणि ते मुरू द्या. मॉइश्चरायझर पातळ लावा. तेलकट त्वचेला सनस्क्रीनच्या खाली ते बऱ्याचदा लागतही नाही. सनस्क्रीनचं प्रमाण मात्र कमी करू नका. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर टोकापर्यंत ओढलेल्या रेघांइतकं हवं. ते एकदम थापण्याऐवजी दोन भागांत लावा, मध्ये दोन-तीन मिनिटं थांबा. एकाच जागी पुन्हापुन्हा हात फिरवू नका.

मग दहा-पंधरा मिनिटं चेहऱ्याला हात लावू नका. बोटाची मागची बाजू गालाला टेकवली आणि ती चिकटली नाही, की फाउंडेशन घ्या. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत पाण्याचे थर वाळायला जास्त वेळ लागतो, तिथे घड्याळापेक्षा या बोटाच्या चाचणीवर विसंबा. फाउंडेशन ओलसर, घट्ट पिळलेल्या स्पंजने थोपटून लावा, ओढू नका.

वेळ वाचवायला सनस्क्रीन आणि फाउंडेशन तळहातावर एकत्र करू नका. त्याने सनस्क्रीन पातळ होतं आणि त्याचा पापुद्रा सलग धरत नाही.

आणि निघताना वळ्या दिसल्याच, तर त्या जागेवर बोट चोळू नका. ओल्या कापसाने तेवढा भाग साफ करा, कोरडा होऊ द्या, तिथे सनस्क्रीन पुन्हा लावा, थांबा आणि मगच वर फाउंडेशन थोपटा. घाई असेल तर तेवढ्या जागेचं फाउंडेशन सोडा, सनस्क्रीन सोडू नका.