प्रबंधात स्वरलिपीचा उतारा छापताना

प्रबंधात बार्टोकच्या 'कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा'मधले आठ बार छापायचे आहेत. बार्टोक 1945 साली गेले. भारतात कॉपीराइटची 60 वर्षं रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजतात, म्हणून इथे ही रचना 1 जानेवारी 2006 पासून मुक्त आहे. युरोपीय संघात 70 वर्षं, म्हणजे 2016 पासून. अमेरिकेत मात्र हिशेब प्रकाशनाच्या वर्षावरून होतो: 1946 अधिक 95, म्हणजे 2041 अखेरपर्यंत हक्क शाबूत. प्रबंध शोधगंगेवर चढला की तो तिथेही उघडतो, एवढं ध्यानात ठेवा.

म्हणून मुक्त रचनेतसुद्धा उतारा विश्लेषणाला बांधलेला असू द्या. भारतीय कायद्याचं कलम 52 समीक्षेसाठी न्याय्य वापराला मुभा देतं, पण किती बार चालतील याचा आकडा त्यात नाही. 'आठ बारांपर्यंत चालतं' ही निव्वळ ऐकीव गोष्ट. ज्या बारांबद्दल मजकुरात काहीच बोललेलं नाही, ते कापा. पूर्ण मूव्हमेंट परिशिष्टात टाकायची असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या, आणि तिच्यात 'ऑनलाइन भांडार' हे शब्द आहेत का ते बघा. अनेकदा ती फक्त छापील प्रतींपुरती असते.

रचना मुक्त असली तरी आवृत्ती नसू शकते. जर्मनीत संशोधित आवृत्तीला 25 वर्षं वेगळं संरक्षण मिळतं. अशा पानाचं स्कॅन चिकटवू नका. जुन्या, मुक्त आवृत्तीवरून तेच बार म्यूझस्कोरमध्ये स्वतः उतरवा, संपादकाचे स्लर आणि बोटांचे आकडे गाळून. खाली रचनाकार, मूव्हमेंट, बार क्रमांक, मूळ आवृत्ती आणि वर्ष द्या.