डेमोच्या स्लाइडमधून फॉलो-अप ईमेल काढताना या चुका टाळा

समजा, हिंगणघाटला जिनिंगवाल्यांसाठी वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचा डेमो झाला. २४ स्लाइड होत्या आणि ३० जण आले होते: काही मालक, काही दिवाणजी, दोन-तीन शेतकरी कंपन्यांचे संचालक. आता त्यांना पाठवायचे ईमेल याच डेकमधून काढायचे आहेत. तीन ईमेल पुरतात.

अख्खा डेक जोडून देणं

‘डेमोचं प्रेझेंटेशन सोबत जोडलं आहे’ एवढं लिहून मोकळं होणं ही सगळ्यात मोठी चूक. स्लाइडवर ‘रिकामं वजन: आपोआप’ एवढंच असतं. त्याचा अर्थ डेमो देणाऱ्याने दोन मिनिटं बोलून सांगितलेला असतो आणि ते बोलणं फाइलमध्ये येत नाही. त्यात फाइल २५ एमबीच्या वर गेली की जीमेल ती जोडत नाही, ड्राइव्हची लिंक करतं. लिंकची परवानगी उघडी ठेवली नसेल, तर दिवाणजीला परवानगी मागायचं पान तेवढं दिसतं.

त्याच संध्याकाळी डेमो देणाऱ्याला बसवा आणि प्रत्येक स्लाइडवर तो काय बोलला ते एकेका वाक्यात लिहून घ्या. सोबत दुसरा कागद ठेवा: लोकांनी काय विचारलं, आणि कोणी. ईमेल या दोन कागदांवरून लिहायचा असतो, स्लाइड फक्त चित्रापुरती लागते.

डेकच्या क्रमाने ईमेल लिहिणं

डेकमध्ये आधी कंपनीची ओळख, मग सुविधा आणि शेवटी दर असतो. ईमेलही त्याच क्रमाने गेले तर पहिला ईमेल म्हणजे दोन तास बसून ऐकलेल्या माणसाला पुन्हा ओळख करून देणं. दर येईपर्यंत तो ईमेल उघडणंच सोडतो. हे झालंय हे कळतं कसं? ईमेलला उत्तर नसतं, पण फोन येतो आणि पहिलाच प्रश्न असतो, “भाऊ, पडते कितीले?”

आपल्या डेकमधून ओळख, टीम, बक्षिसं, आभार अशा १४ स्लाइड सरळ बाहेर जातात. उरलेल्या १० प्रश्नांनुसार लावा. पहिला ईमेल दुसऱ्या दिवशी सकाळी: सर्वांत जास्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर, आणि दर कसा ठरतो ते दोन ओळींत. दुसरा चौथ्या दिवशी, तिसरा साधारण दहाव्या दिवशी. दुसरा असा असेल:

> विषय: गाडी रिकामं वजन न करताच गेली तर?
>
> नमस्कार, डेमोत हा प्रश्न निघाला होता. गाडीचं भरलेलं वजन ६,२२० किलो घेतलं आणि रिकामं घ्यायचं राहिलं, तर पावती ‘अपूर्ण’ राहते आणि तिची छपाई होत नाही. रिकामं ३,५०० किलो टाकलं की निव्वळ २,७२० किलो, म्हणजे २७.२० क्विंटल कापसाची पावती निघते. दिवसाअखेर अपूर्ण पावत्यांची यादी अशी दिसते (चित्र खाली). तुमच्या काट्यावर हे चालवून बघायचं असेल तर सोयीचा दिवस कळवा.

एक प्रश्न, एक हिशेब, एक मागणी. हप्ता, प्रशिक्षण, मोबाइलवरचा अहवाल यातलं काहीच इथे घुसवू नका. तिसऱ्या ईमेलमध्ये उरलेली अडचण घ्या. आपल्याकडे ती बहुधा वीज गेल्यावर नोंद राहते का, हीच असते.

पूर्ण स्लाइडचं चित्र चिकटवणं

पडद्यावर सहा फूट रुंद दिसलेला तक्ता मोबाइलवर बोटभर होतो. आकडे वाचता येत नाहीत, आणि ईमेलमध्ये चित्रं बंद असतील तर काहीच दिसत नाही. लागणारा कोपरा तेवढा कापा, रुंदी ६०० पिक्सेलच्या आसपास ठेवा आणि त्यातला मुख्य आकडा अक्षरांतही लिहा. कापताना एक बघा: डेमोच्या पडद्यावर एखाद्या खऱ्या जिनिंगचं नाव किंवा शेतकऱ्याचा खाते क्रमांक उघडा राहिला नाही ना?

स्लाइडवरून मजकूर थेट चिकटवला की त्याच्या मागे न दिसणारी मांडणीही येते. मजकूर आणि ही मांडणी मिळून १०२ केबीच्या पुढे गेली की जीमेल खालचा मजकूर छाटतं आणि तळाशी ‘Message clipped’ दाखवतं. दिवस कळवायची ओळ नेमकी तिथेच गेलेली असते. म्हणून चिकटवताना `Ctrl+Shift+V` वापरा आणि आधी स्वतःच्या मोबाइलवर पाठवून बघा.

सगळ्यांना एकच, आणि थांबायचं नाही

मालकाला पैशाचा हिशेब हवा असतो, दिवाणजीला पावती. मजकूर तोच ठेवा, पहिली ओळ बदला. तीसही पत्ते ‘Cc’ मध्ये टाकू नका. एकाच बाजारातल्या स्पर्धकांना एकमेकांचे पत्ते दिसतात. ज्याचं उत्तर किंवा फोन आला त्याचं नाव यादीतून त्याच दिवशी काढा. काल फोनवर दिवस ठरवलेल्या माणसाला आज ‘सोयीचा दिवस कळवा’ गेलं, की आपण ऐकतच नाही असं त्याला वाटतं. हंगामात सकाळी आवक सुरू असते, तेव्हा दुसरा-तिसरा ईमेल संध्याकाळी काटा बंद झाल्यावर पाठवा.