शालेय कुस्तीच्या सीझनला पोरांचे पॉइंट लिहिताना या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात मोठी गडबड म्हणजे वहीत फक्त निकाल लिहायचा, १०-० जिंकला, ४-६ हरला, बास. सतरा वर्षांखालचा फ्रीस्टाइलचा एक पोरगा घ्या, ५१ किलोचा, आकडे समजण्यापुरते धरलेत. तीन कुस्त्या, १०-०, मग २-३, मग ४-६. अ‍ॅव्हरेज काढलं तर कुस्तीमागे पाचच्या वर पॉइंट, म्हणजे पोरगा अटॅकिंग वाटतो. पण पहिल्या कुस्तीत त्याने एकदाच पट काढला, दोन पॉइंट, आणि लगेच चार भारंदाज मारून आठ घेतले, दहाची लीड झाली की कुस्ती तिथेच संपते. समोरचा कच्चा होता. म्हणजे सोळातले आठ पॉइंट एकाच कुस्तीतल्या भारंदाजाचे, पट काढण्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

म्हणून किती वेळा घुसला तेही लिहा, नुसते मिळालेले पट नकोत. आपल्या पोराचं असं, पहिल्या कुस्तीत १ पैकी १, दुसरीत ५ पैकी १, तिसरीत ६ पैकी २. एकूण १२ पैकी ४, आणि पहिली सोडली तर ११ पैकी ३. आता इथे लोक अजून एक घोळ करतात, नुसती हूल दिली तरी अटेम्प्ट धरतात, मग टक्के उगाच पडतात. सीझनच्या सुरुवातीलाच ठरवून टाका, पायावर खरोखर झेप घेतली तरच अटेम्प्ट, आणि शक्यतो शेवटपर्यंत एकाच माणसाने लिहायचं, कारण दोघांची नजर सारखी नसते.

फसलेल्या प्रत्येक पटापुढे एक खूण करा, "पाय मिळालाच नाही" की "पाय धरला पण संपवला नाही". समजा आठपैकी सहा वेळा पाय हातात आला होता, तर त्याचं घुसणं चांगलंय, एकेरी पट धरून पाडायचं तेवढं घोटून घ्यायचंय, स्पीडचे ड्रिल वाढवून काही होणार नाही. आणि तिसऱ्या कुस्तीत गेलेल्या सहापैकी चार पॉइंट आपलाच पट फसल्यावर समोरच्याने मागे जाऊन ताबा घेतला त्याचे असतील तर तेही लिहा, नाहीतर डिफेन्स कच्चा म्हणून भलतीच प्रॅक्टिस घेत बसाल.

वजनगटाचं तर बहुतेक वह्यांत नावच नसतं. तालुक्याला ४८ मध्ये खेळलेला पोरगा जिल्ह्याला ५१ मध्ये उतरला तर दोन्हीचे पट एकत्र मोजू नका, ४८ मधला समोरचा पोरगा खाली दबतो, ५१ मधला दबत नाही. प्रत्येक कुस्तीपुढे गट, त्या दिवशीचं काट्यावरचं वजन आणि समोरचा उंच होता की ठेंगणा एवढं लिहा. ग्रीको-रोमनच्या कुस्त्या वेगळ्या पानावर, तिथे पायाला हातच लावता येत नाही. आणि एका गटात तीन-चारच कुस्त्या झाल्या असतील तर टक्क्यांवरून पोराचा गट बदलू नका, तेव्हा खुणा वाचा.