तिहेरी उडीत आखडलेली स्टेप लांबवण्याच्या सरावाची तयारी

ही तयारी तिहेरी उडीचा क्रम पक्का झालेल्या, पण हॉप लांब जाऊन स्टेप आखडणाऱ्या खेळाडूंसाठी आहे. मराठवाड्यातील तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या शालेय स्पर्धांमध्ये हा दोष वारंवार दिसतो. मुलगा फळीवरून सर्व जोर लावून उंच उडतो, त्याच पायावर आदळतो, गुडघा खोल वाकतो, दुसरा पाय सावरण्यापुरता चटकन खाली टेकतो आणि उरलेल्या बळावर वाळूत झेप घेतो. हॉप जितकी उंच, तितका खाली येण्याचा वेग जास्त. तो वेग रोखण्यात पाय जमिनीवर रेंगाळतो आणि पुढे जाण्याची गती तिथेच खर्च होते. म्हणून स्टेपला जोर लावण्याआधी हॉपला आवर घालावा लागतो, आणि सरावाची सगळी आखणी याच क्रमाने करावी.

सर्वप्रथम जागा पाहावी. काळ्या मातीचे मैदान पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्याकडे भेगाळते, त्यामुळे उघड्या काळ्या मातीवर हॉपचा सराव घेऊच नये. मुरूम टाकून रोलर फिरवलेली पट्टी असेल, तर आदल्या संध्याकाळी हलके पाणी मारावे आणि सकाळी खडे वेचून खराट्याने झाडून घ्यावे. असे झाडलेल्या मुरमावर बुटाचा ठसा स्पष्ट उमटतो आणि मोजमाप सोपे होते. हौदातील वाळू कुदळीने मोकळी करून धावपट्टीच्या पातळीला आणावी. कठीण जमिनीवर अनवाणी हॉप करू देऊ नये. उन्हाळ्यात हा सराव सकाळी लवकर संपवावा, कारण थकलेला पाय आधी स्टेपलाच दगा देतो.

त्यानंतर खेळाडूचे आजचे प्रमाण मोजून ठेवावे. आठ पावलांच्या धावेवरून तीन उड्या घ्याव्यात आणि प्रत्येक टप्पा बुटाच्या टोकापासून पुढच्या ठशाच्या टोकापर्यंत टेपने मोजावा. पहिले माप फळीच्या कडेपासून न घेता, पाय प्रत्यक्ष जिथून सुटला तिथून घ्यावे. शेवटचे माप अर्थातच वाळूतील सर्वांत मागच्या खुणेपर्यंत. समजा, सतरा वर्षांच्या एका मुलाची हॉप 4.40 मीटर, स्टेप 2.60 आणि जंप 4.20, म्हणजे एकूण 11.20 मीटर आली. शेकडा प्रमाण साधारण 39, 23 आणि 38 होते. मध्यम पातळीच्या खेळाडूसाठी 35, 30, 35 हे संतुलित प्रमाण दिशा म्हणून धरावे. तेवढ्याच अंतरात ते 3.92, 3.36 आणि 3.92 मीटर होईल. मात्र 30 हा आकडा पवित्र मानू नये. जोनाथन एडवर्ड्सने 1995 साली गोथेनबर्ग येथे 18.29 मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचे टप्पे 6.05, 5.22 आणि 7.02 मीटर होते, म्हणजे स्टेप साडेअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास होती आणि जंप सर्वांत लांब. त्यातून घेण्यासारखे एवढेच, की हॉप अंतराच्या जवळपास एक तृतीयांश राहिली तर पुढच्या दोन टप्प्यांसाठी गती शिल्लक राहते.

उड्डाणरेषा कुठे आखायची, हे याच मापावरून ठरते आणि इथे चूक परवडत नाही. या मुलाने 11 मीटरच्या फळीवरून उडी घेतली, तर तो वाळूत जेमतेम वीतभर पोहोचेल आणि उडी थोडी कमी पडली की टाचा हौदाच्या काठावर आपटतील. म्हणून हौदापासून 9 मीटरवर फक्कीने तात्पुरती रेषा मारावी. हॉप आणि स्टेप मिळून सात ते सव्वासात मीटर जातात, म्हणजे दुसरा पाय वाळूच्या बराच अलीकडे पट्टीवरच टेकतो आणि जंप सुरक्षितपणे आत पडते.

खुणा दोनच ठेवाव्यात आणि त्यांचे काम वेगवेगळे असावे. हॉपची खूण ही मर्यादा आहे, पाय तिच्या अलीकडे टेकला पाहिजे. स्टेपची खूण ही किमान अपेक्षा आहे, पाय तिच्या पलीकडे गेला पाहिजे. अंतिम प्रमाणाच्या खुणा पहिल्याच दिवशी मारल्या, तर खेळाडू स्टेपला पाय लांब फेकतो, टाच शरीराच्या खूप पुढे आदळते आणि तीच टाच ब्रेक लावते. त्यामुळे पहिल्या सत्रात हॉपची मर्यादा 4.15 मीटरवर आणि स्टेपची खूण रेषेपासून 7 मीटरवर, म्हणजे 2.85 मीटरच्या स्टेपसाठी, पुरेशी आहे. खुणा पट्टीच्या कडेला माराव्यात, मधोमध नव्हे, कारण मधली खूण पाहण्यासाठी मान खाली जाते आणि मानेमागोमाग धडही झुकते.

सूचना आधीच ठरवून ठेवाव्यात आणि एका उडीला एकच द्यावी. हॉपसाठी “रेषेवरून पळत पुढे जा, वर नको”. टेकण्यासाठी “पाय मागे ओढत आण आणि पूर्ण तळवा टेकव”. स्टेपसाठी “मांडी जमिनीला समांतर धरून थांब”. यातली तिसरी सर्वांत अवघड, कारण आखडलेल्या स्टेपची सवय लागलेल्या मुलाला हवेत थांबणेच नको असते.

ताल तपासण्यासाठी डोळ्यांपेक्षा कान अधिक उपयोगी पडतात, असा माझा ठाम अनुभव आहे. रेषेवरचा, हॉपनंतरचा, स्टेपनंतरचा आणि वाळूतला, असे चार आवाज येतात आणि त्यांच्यामध्ये तीन अंतरे असतात. दोष असताना मधले अंतर ठळकपणे तोकडे ऐकू येते. प्रशिक्षकाने काही उड्यांना पाठ फिरवून फक्त ऐकावे, आणि रांगेतल्या मुलांना टाळ्यांनी तो ताल धरायला लावावा. मोबाइल हॉप टेकण्याच्या जागेसमोर, कमरेच्या उंचीवर, बाजूने स्थिर ठेवावा; संथ गतीत गुडघा किती वाकला आणि तळवा कमरेच्या किती पुढे पडला, एवढेच पाहायचे आहे.

उड्यांची संख्याही आधी ठरवावी. या पातळीवर एका सत्रात आठ ते दहा पूर्ण उड्या, मध्ये भरपूर विश्रांती आणि आठवड्यातून दोनच सत्रे मी योग्य मानतो. सुरुवातीला उड्डाणाच्या पायावर सलग पाच छोट्या लंगड्या उड्या घेऊन गुडघा आत कलतो का, ते पाहावे. तो कलत असेल किंवा टाच, नडगी वा गुडघा दुखत असेल, तर त्या दिवशी खुणांचा सराव रद्द करावा.

पहिल्या सत्राच्या शेवटी या मुलाची नोंद समजा हॉप 4.14, स्टेप 2.88, जंप 3.96, एकूण 10.98 अशी आली, तर अंतर 22 सेंटिमीटरने घटलेले पाहून तो खट्टू होईल. त्याला वही दाखवून स्टेप 28 सेंटिमीटरने वाढल्याचे सांगावे. जंप कमी झाली आहे, कारण लांब स्टेपवरून टेकण्याचा भार त्याच्या दुसऱ्या पायाला अजून नवा आहे. पुढच्या सत्रात मर्यादा 4.05 आणि स्टेपची खूण 7.10 मीटरवर न्यावी. स्टेप वाढत असताना जंप एक तृतीयांशाखाली घसरली आणि दोन सत्रे तशीच राहिली, तर खुणा पुढे न सरकवता दुसऱ्या पायाच्या उड्यांवर काम करावे. एकूण अंतर पुन्हा 11.20 मीटरपर्यंत आले, की धाव दहा, मग बारा पावलांची करावी. वेग वाढला की तिन्ही टप्पे लांबतात, म्हणून प्रत्येक वेळी उड्डाणरेषा नव्याने मोजून मागे घ्यावी, आणि पूर्ण धावेवर खुणा पुसून टाकून फक्त आवाजावर भरवसा ठेवावा.